प्रीतीला चालेल अशी नानकटाई

एका पत्राला मी वर्षभर उत्तर दिलं नव्हतं. पत्र मोठं नव्हतं. पाचवीच्या वर्गात पत्रलेखनाचा धडा असतो, आणि आमच्या शाळेत तो धडा झाला की मुलं खरोखरच कुणाला तरी पत्र लिहून पोस्टात टाकतात. कुणी मामाला लिहितं, कुणी आजीला. प्रीतीनं मला लिहिलं. मी तिचा शिक्षकसुद्धा नव्हतो. मी निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. तेलंगणातल्या उटनूरच्या आमच्या मराठी शाळेत वाचनाची एक खोली आहे, तिथं मी दुपारी जाऊन बसतो, पुस्तकं झटकतो, मुलांना देतो, एवढंच.

पत्र असं होतं:

'आदरणीय बाबाराव गुरुजी, जय भीम. मागच्या मेळ्यात मी चिक्कीच्या स्टॉलवर पैसे घेत होते, कारण मला चिक्की चालत नाही. मला शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी आहे. काजू-बदामाचीही आहे. एकदा अंगभर गांधी उठल्या आणि श्वास कोंडला. मेळ्यात सगळे खात होते, मी फक्त सुटे पैसे मोजत होते. तुम्ही खूप पुस्तकं वाचली आहेत. मला खाता येईल आणि बाकीच्यांनाही आवडेल असं काही पुस्तकात आहे का? शोधून कळवावे. उत्तराची वाट पाहते.'

बाकीच्या मुलांना उत्तरं आली. वर्गात वाचून दाखवली गेली. माझं उत्तर गेलं नाही, कारण मला ते माहीत नव्हतं, आणि जे माहीत नाही ते मुलीला कसं लिहायचं? चार ओळी लिहायचो आणि मनात यायचं, हे चुकलं तर? माझ्या एका वाक्यावर विसंबून पोरीनं काही खाल्लं तर? कागद फाडायचो. पत्र शब्दकोशात ठेवलं होतं. शब्दकोश उघडला की ते दिसायचं, म्हणून मी शब्दकोश उघडणंही कमी केलं होतं. प्रीती वाचनखोलीत यायची, पुस्तक बदलून न्यायची. पत्राबद्दल तिनं कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

या जानेवारीत मुख्याध्यापिका भाग्यलक्ष्मी मॅडमनी पालकांची बैठक बोलावली. वाचनखोलीतल्या लाकडी फळ्यांना वाळवी लागली होती. गोष्टींच्या पुस्तकांची अर्धी पानं मातीसारखी हातात यायची. लोखंडी कपाटं घ्यायची, त्यासाठी सव्वीस जानेवारीला झेंडावंदन झाल्यावर खाऊचा मेळा करायचा, असं ठरलं. मॅडमचं माहेर वारंगलकडचं, पण वीस वर्षं मराठी शाळेत काढल्यामुळे त्यांची मराठी आमच्यापेक्षा स्वच्छ आहे.

"यंदा पण चिक्की ठेवा," बयनाबाई म्हणाल्या. बयनाबाई म्हणजे नार्नूरकडच्या, कापूस-जवारीचं शेत असलेल्या, माळकरी. दोन नातवंडं आमच्या शाळेत. शाळेच्या कुठल्याही कामात त्यांचा आवाज सर्वांत आधी. "चिक्की, शेंगदाण्याचे लाडू, आन् मसाला शेंगदाणे. हातोहात जाते."

"आणि केक," कुणीतरी म्हणालं.

"केकात अंडं असते बापा. अंडं असलं त मी त्या टेबलाजवळ येणार नाई. आदीच सांगून ठेवते."

मागच्या बाकावर प्रीतीची आई सुनयना बसली होती. ती सरकारी कचेरीत कारकून आहे. तिनं पर्सचं बक्कल उघडलं आणि लावलं. त्या पर्समध्ये आदिलाबादच्या डॉक्टरांनी दिलेलं औषध कायम असतं, हे मला माहीत होतं.

आणि मग मी उभा राहिलो. मी बैठकीत उभा राहत नाही. नाव पुकारलं तर बसूनच हात वर करतो. पण त्या दिवशी उभा राहिलो आणि म्हणालो, "अंडं नसलेला आणि शेंगदाणा, काजू, बदाम काही नसलेला असा मेळा करू. पदार्थ मी ठरवतो."

सगळे माझ्याकडे वळून बघत राहिले.

"गुरुजी," बयनाबाई म्हणाल्या, "तुमाले चहा तरी करता येते का?"

"येतो," मी म्हणालो. "साखर कधी कधी जास्त पडते."

लोक हसले. सुनयना मात्र हसली नाही. ती माझ्याकडे अशी बघत होती, की मला पुन्हा खाली बसता येईना.

तीन दिवस मी वाचत होतो. मग लक्षात आलं की पुस्तकात 'अंड्याऐवजी दही' असं असतं, पण उटनूरच्या उन्हात आणि पोरांच्या हातात काय टिकेल ते नसतं. म्हणून वही घेऊन बसलो, आणि एकेक पदार्थ खोडत गेलो. क्रीमचा केक खोडला, बाराच्या उन्हात क्रीम वितळतं. समोसा खोडला, पॅक केला की घाम सुटून मऊ पडतो. चिवडा खोडला, शेंगदाण्याशिवाय चिवडा खाणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही. केळ्याचा केक मला फार आवडला होता, पण तो दुसऱ्या दिवशीच ओला-चिकट होतो. शेवटी तीन राहिले: जवारीची नानकटाई, जिऱ्याचं खारं बिस्कीट, आणि कोकोचा साधा केक, वरून काही न लावलेला, चौकोनी तुकडे करून. तिन्ही हातात धरून खाता येतात, ताटली लागत नाही. खारं मोठ्या माणसांसाठी, कारण मोठी माणसं चहाबरोबर खारं खातात आणि पैसे त्यांच्या खिशात असतात. सगळ्यांचा भाव एकच, म्हणजे सुट्याची भानगड नाही.

ही वही घेऊन मी सुनयनाच्या घरी गेलो. प्रीती दारात होती. "आई, गुरुजी आले," एवढं म्हणून ती आत पळाली, आणि मला जाणवलं की मी पत्राचं उत्तर घेऊन आलो, असंच तिला बहुतेक वाटलं.

सुनयनानं वही नीट वाचली. "तेल कोणतं?" तिनं विचारलं.

"शेंगदाण्याचं नाही. सूर्यफुलाचं."

"कोको?"

मी डबा काढला. तिनं तो उलटा करून बारीक अक्षरं वाचली आणि परत दिला. "यावर लिहिलंय की बदामाचे अंश असू शकतात. दुसरा आणावा लागेल." मी दुसरा आणला. तिसरा आणला. तिसऱ्यावर काही नव्हतं, तेव्हा तिनं मान डोलावली. मैदा पाकीटबंद, साखरही तशीच. जवारीचं पीठ बयनाबाईंच्या घरघंटीतून. तिथं कधी शेंगदाणा दळला नाही, दळला तर जातं चिकटतं, असं बयनाबाईंनी स्वतः सांगितलं. "आमी शेंगदाणे उखळात कुटतो," त्या म्हणाल्या. "बाकी तुमच्या त्या पदार्थाले कूट नाई, मंग चव कुठून येणार?"

"तुपातून," मी म्हणालो.

"तूप चांगलं असन त. मी देते घरचं."

आमच्याकडे लोक आपलं पीठ, तूप, साखर घेऊन बेकरीत जातात आणि भट्टी भाड्यानं घेऊन नानकटाई भाजून आणतात. दिवाळीत तर रांग लागते. राजकुमारच्या बेकरीतही तसंच चालतं. पण राजकुमारच्याच भट्टीतल्या पत्र्यांवर शेंगदाणे लावलेली बिस्किटंही भाजली जातात. मी त्याला सगळं सांगितलं, चाचरत, दोनदा माफी मागत.

"गुरुजी, माफी काऊन मागून राह्यले?" तो म्हणाला. "पहाटे भट्टी पेटली की पहिली पाळी तुमची. माझ्या बिस्किटाच्या आदी. पत्रे तुमी घासा, वर बटर पेपर टाका. माझा एकही पोऱ्या तुमच्या पिठाले हात लावणार नाई."

पत्रे मी गरम पाण्यानं आणि साबणानं घासले. मग मला शंका आली, म्हणून पुन्हा घासले. सुनयना आली आणि तिनंही घासले. राजकुमार म्हणाला, या पत्र्यांनी आयुष्यात एवढं पाणी पाहिलं नाही.

पहिल्या चाचणीत माझी फजिती झाली. नानकटाई मी निव्वळ जवारीची केली होती. ती भट्टीतून बाहेर आली तेव्हा सुंदर दिसत होती, आणि हात लावताच रांगोळी झाली. "जवारीले चिकटपणा नाई," बयनाबाई म्हणाल्या, "भाकर थापतांना पाणी गरम काऊन लागते? अर्धा मैदा घाला." अर्धा मैदा घातला. केकाचं तर त्याहून वाईट. अंड्याऐवजी मी सोडा आणि व्हिनेगर वापरत होतो. दोन्ही एकत्र आले की मिश्रण फसफसायला लागतं, आणि त्याच क्षणी ते भट्टीत जायला हवं. पण मी चष्मा लावून कृतीतलं पुढचं वाक्य पुन्हा वाचत उभा राहिलो, बरोबर आहे ना म्हणून. वाचून होईपर्यंत सगळी हवा निघून गेली. केक चपलेच्या तळव्यासारखा निघाला.

प्रीती तेव्हा बेकरीच्या ओट्यावर बसली होती. तिनं ती चप्पल हातात घेऊन वाकवली. "गुरुजी, तुम्ही मिसळा. मी कृती वाचून दाखवते. मग तुम्हाला थांबावं लागणार नाही."

पुढचा केक असाच झाला. तिनं वाचलं, मी ओतलं, राजकुमारनं भट्टीचं दार उघडं धरलं. केक फुगला. राजकुमारनं तुकडा तोडून खाल्ला आणि म्हणाला, "अंडं नाई यात? खरंच?" मग आणखी एक तोडला, खात्री करायला.

प्रीतीनं तुकडा घेतला नाही. आईनं चाचणीचं काहीच खायचं नाही, असं सांगितलं होतं. मेळ्यासाठीचं सगळं एकदम स्वच्छ पत्र्यांवर भाजून झालं की मग. "मेळ्यात सगळ्यांबरोबर खाईन," ती म्हणाली. "पहिली नानकटाई."

मेळ्याच्या दोन दिवस आधी पहाटे आम्ही नानकटाई आणि खारं भाजलं. केक आदल्या दिवशी, कारण तेलाचा केक दुसऱ्या दिवशी जास्त मऊ लागतो. भट्टीतून काढलेली नानकटाई मऊ असते. घाईनं उचलली तर मोडते, आणि गरम असतानाच पिशवीत भरली तर वाफेनं सादळते. म्हणून ती पत्र्यावरच पूर्ण निवू दिली, आणि तोवर सगळे भट्टीजवळ ऊब घेत बसलो. बयनाबाईंच्या तुपाचा आणि वेलचीचा वास रस्त्यापर्यंत गेला होता. उटनूरच्या थंडीत येणारे-जाणारे थांबून विचारत होते, काय आहे, कधी मिळणार.

मग जोडी-जोडीनं पाकिटं भरून बंद केली. मला मात्र चैन पडेना. काही राहिलं असेल तर? मेळ्यात काही झालं तर? शेवटी मी घरून एक नवा स्टीलचा डबा आणला, आणि पहिल्या पत्र्यावरची नानकटाई प्रीतीलाच त्यात भरायला सांगितली. झाकणाला चिकटपट्टी तिनं लावली आणि पट्टीवर आपलं नाव लिहिलं. "हा कशाला गुरुजी?" तिनं विचारलं. "असू दे," म्हणालो.

सव्वीस जानेवारीला झेंडावंदन झालं. मैदानात टेबल मांडलं. मॅडमना वाटत होतं की उद्घाटन व्हावं, म्हणून पाकिटांच्या रांगेपुढे एका थाळीत उघडी नानकटाई मांडली. मॅडमनी फीत कापायची आणि प्रीतीनं थाळीतली पहिली नानकटाई खायची, असं ठरलं. प्रीतीनं दोन वेण्या घातल्या होत्या आणि हात तर सकाळपासून चारदा धुतले होते. सुनयना तिच्या शेजारी उभी होती. मुलांची रांग कंपाउंडपर्यंत गेली होती.

मॅडमनी फीत कापली. टाळ्या पडल्या. प्रीतीनं हात पुढे केला.

तेवढ्यात बयनाबाई आल्या, नवं काळं लुगडं नेसून, हातात पितळी डबा. रथसप्तमी अजून व्हायची होती, म्हणून भेटेल त्याच्या हातावर तिळगूळ ठेवत त्या येत होत्या. टेबलापाशी आल्या, थाळी पाहिली, आणि खुशीत मूठभर तिळाचे लाडू नानकटाईवर ठेवून दिले. "घ्या मॅडम, गोड बोला! शुभ कामाले तिळगूळ नाई म्हणजे कसं?"

त्या लाडवांत शेंगदाण्याचं कूट होतं. आमच्याकडे तिळाच्या लाडवात ते असतंच. एक लाडू फुटून नानकटाईवर चुरा पसरला होता.

प्रीतीनं हात मागं घेतला. पाठीमागं धरला. सुनयनानं तिचा खांदा धरून तिला टेबलापासून बाजूला नेलं.

रांगेतल्या मुलांना काही कळलं नाही, पण बयनाबाईंना कळलं. त्यांचा चेहरा पांढरा पडला. "माय माय," त्या म्हणाल्या, "मी काय करून बसली! आठवडाभर तिच्यासाठी पीठ दळलं न् तूप दिलं, आन् आपल्याच हातानं..." मग थाळी उचलून म्हणाल्या, "माझ्या ताटात कोणी अंडं ठेवलं असतं ना, त मी ताट फेकून गाव डोक्यावर घेतलं असतं. या पोट्टीनं बिचारीनं निस्ता हात मांगं घेतला."

"पाकिटं बंद आहेत," मॅडम घाईनं म्हणाल्या. "त्यातलं एक दे तिला."

सुनयनानं मान हलवली. "कुणाचा हात कुठं लागला, आता सांगता येत नाही मॅडम. राहू दे. आम्ही घरी जातो. मेळा चालू ठेवा."

"मला घरी जायचं नाही," प्रीती म्हणाली. रडत नव्हती. पण तिच्या आवाजावरून कळत होतं की आता रडेल.

माझ्या खांद्याला कापडी पिशवी होती. मी ती उघडली. सर्वांसमोर उभं राहून काही करायची मला सवय नाही. मी तो स्टीलचा डबा बाहेर काढला आणि चिकटपट्टी दिसेल असा तिच्यापुढं धरला.

प्रीतीनं आपलं नाव वाचलं. मग आईकडं पाहिलं.

सुनयनानं डबा हातात घेऊन पट्टी सगळीकडून तपासली. पट्टी जशीच्या तशी होती. "हात धू," ती म्हणाली. "पुन्हा. साबणानं." दोघी नळाकडं गेल्या, परत आल्या, टेबलापासून लांब, झेंड्याच्या चबुतऱ्यावर जाऊन बसल्या. प्रीतीनं पट्टी सोलली, झाकण काढलं, आणि एक नानकटाई उचलली. ती नीट चावून खात होती, मोठ्या माणसासारखी, आणि मग एकदम हसली, तोंडात चुरा असतानाच.

"चांगली आहे!" ती ओरडली. "तुपाची चव लागते!"

"मंग! म्हणलं होतं ना मी!" बयनाबाई म्हणाल्या, पण जवळ गेल्या नाहीत. त्या शाळेच्या फाटकाकडं निघाल्या होत्या.

नंतर जे झालं ते मी आयुष्यभर विसरणार नाही, जितकं आयुष्य उरलंय तितकं. बयनाबाई ती थाळी घेऊन फाटकात खुर्चीवर बसल्या. येणाऱ्या प्रत्येकाला थांबवून विचारू लागल्या, "तिळगूळ आणलं का? टाका इथं थाळीत. आता नळावर जा, हात धुवा. मंगच आत." पहिल्यांदा राजकुमार अडकला. तो म्हणाला, माझ्या खिशात काही नाही. "खिशात नाई, पण सकाळपासून बिस्किटं करून आला ना? धुवा." सरपंचही धुऊन आले. एका गृहस्थानं विचारलं, हे काय नवीन? तर बयनाबाई म्हणाल्या, "शाळेचा नियम हाय. मी केला."

आतलं टेबल मी चालवत होतो, म्हणजे टेबलच मला चालवत होतं. भाव एकच असल्यामुळे रांग सरसर सरकत होती. खारं आधी संपलं, कारण चहाची किटली आली आणि मोठी माणसं तिच्यामागं आली. केकाचे तुकडे मुलांनी नेले, काहींनी दुसऱ्यांदा रांग लावली. बयनाबाईंच्या दोन सुना येऊन म्हणाल्या, सासूबाईंनी विचारलंय, नक्की अंडं नाही ना, आणि हो म्हटल्यावर चार पाकिटं घेऊन गेल्या. टेबल रिकामं झालं तेव्हा किटलीत चहा अजून गरम होता. मॅडम म्हणाल्या, एक नाही, दोन कपाटं येतील. मी म्हणालो, आधी मोजून घ्या, माझी काही चूक झाली असेल. त्यांनी मोजलं. चूक नव्हती.

प्रीती चबुतऱ्यावर बसून आपल्या मैत्रिणींना डबा पुढं करत होती. "हात धुतले का?" असं आधी विचारून.

त्या संध्याकाळी मी शब्दकोश उघडला. पत्र काढलं आणि उत्तर लिहायला बसलो.

'प्रिय प्रीतीस, जय भीम. तुझं पत्र मिळालं, खूप दिवस झाले. तू विचारलेलं पुस्तकात शोधलं, पण अख्खं एका ठिकाणी सापडलं नाही. थोडं पुस्तकात होतं, थोडं तुझ्या आईकडं, थोडं बयनाबाईंकडं आणि राजकुमारकडं, आणि कृती वाचून दाखवण्याची युक्ती तुझ्याकडंच होती. उत्तर असं: जवारीची नानकटाई, अर्धा मैदा घालून, पूर्ण निवल्यावरच बंद करायची. जिऱ्याचं खारं. कोकोचा केक, मिसळला की लगेच भट्टीत. पाकिटावरची बारीक अक्षरं दर वेळी वाचायची, आधी वाचली असली तरी. पुढच्या वर्षी चौथा पदार्थ तू शोध आणि मला कळव. उत्तराची वाट पाहतो. तुझा, बाबाराव गुरुजी.'

'पाहतो' नंतर पूर्णविराम दिला होता की नाही, ते पाहायला मी पाकीट पुन्हा उघडणार होतो. पण डिंक वाळला होता. सकाळी पोस्टाजवळ गेलो. प्रीतीचं घर तिथून दोन गल्ल्यांवर आहे, हातानं नेऊन दिलं असतं तरी चाललं असतं. पण तिनं तिकीट लावून पाठवलं होतं.

लाल पेटीच्या तोंडात मी पत्र सरकवलं आणि सोडलं.